शब्दचर्चा : ‘धुरकट’ लिहिलं आणि गुळव्याचं तोंडच गेलं

प्रश्न विचारणारा (निपाणी) : गावच्या नाटकाचं पोस्टर करतोय. चित्र गुऱ्हाळाचं, थंडीतली पहाट, काहिलीपाशी उभा गुळव्या. चित्र काढणारा मित्र बेळगावात असतो, मी त्याला लिहून पाठवतो आणि तो फोटोशॉपमध्ये काढतो. मी लिहिलं, ‘धुरकट, धुक्यानं भरलेलं वातावरण, आगीचा उजेड’. त्यानं सगळ्या चित्रावर एकच राखाडी पदर ओढला. गुळव्या भिंतीवरल्या जुन्या कॅलेंडरासारखा फिकट झाला. तो म्हणतो, तू लिहिलंस तेच काढलं. खरं आहे त्याचं. मला जाळ, धूर, दाट धुकं आणि विरळ धुकं असे चार वेगळे थर हवेत, माणूस झाकू नये. नेमके शब्द कुठले?

शाळामास्तर, निवृत्त (चिकोडी) : ‘धुरकट’ हा शब्दच तुमचा घात करतो. तो वस्तू सांगत नाही, डोळ्याची अडचण सांगतो. जुना फोटो धुरकट, चष्मा धुरकट, आठवण धुरकट. चित्रकाराला त्यातून एवढंच कळतं की स्पष्ट दाखवू नको. मग तो माणसालाही अस्पष्ट करणारच. नाम द्या आणि त्याच्याबरोबर त्याचं क्रियापद द्या. धुकं पडतं, दाटतं, निवळतं. धूर निघतो, कोंडतो, पसरतो. जाळ लागतो, भडकतो. आणि आर फुलतो. ‘धुकं कोंडलं’ असं कुणी म्हणत नाही, कारण धुक्याला कोंडायला वर छप्पर नसतं. क्रियापद बरोबर आलं की थर कुठं बसवायचा ते निम्मं ठरतं.

हायवेवरचा (संकेश्वर) : धुक्यात फोर्थ गियर टाकूच नका. मी पहाटे बेळगावला भाजी नेतो. गेल्या थंडीत हाय बीम लावला तर पुढं पांढरी भिंत. डिपर लावला तेव्हा रस्ता दिसला.

प्रश्न विचारणारा : काका, मी गाडी चालवत नाही, चित्र करतोय.

फोटो काढणारी (बेळगाव) : हसू नका, त्यांनी कामाचं सांगितलंय. धुक्याचे थेंब उजेड परत फेकतात. उजेड बघणाऱ्याच्या बाजूनं आला की तो आपल्याच डोळ्यात येतो आणि भिंत तयार होते. म्हणून चुलवाणाचा जाळ माणसाच्या मागं किंवा बाजूला हवा. जाळाचा उजेड मागच्या धुक्यात भरेल, माणूस त्याच्यापुढं काळा उठून दिसेल आणि गालाची एक कड तांबूस होईल. तुमच्या मित्राला सांगा, दाट धुकं माणसाच्या मागं ठेव. पुढं फक्त पायाशी, गुडघ्याच्या वर येऊ न देता, अगदी पातळ.

रंगांचंही लिहा. धुक्यात लांबची काळी वस्तू आधी करडी होते, उजळ वस्तू फारशी बदलत नाही. त्यामुळं चित्रातला सगळ्यात गडद काळा गुळव्याच्या अंगावरच राहू द्या. झाडं आणि उसाचा फड क्रमानं फिकट होत जाऊ देत. तपासायचं झालं तर चित्र काळं-पांढरं करून डोळे किलकिले करा. माणूस लगेच सापडला नाही तर थर जास्त झालाय. जाळाचा थर `Screen` मोडवर ठेवा, कारण जाळ उजेडाची भर घालतो. धूर साध्या `Normal` मोडवर असू दे, तो मागचं झाकतो.

खतवाला (निपाणी) : जाळ आणि धूर वेगळे सांगताना वाफ विसरलात. काहिलीतून निघते ती वाफ आणि धुराड्यातून निघतो तो धूर. वाफ थोडं वर जाऊन विरून जाते, धूर विरत नाही, पातळ होत पसरत जातो. पहाटेच्या गार, ओल्या हवेत मात्र वाफही बरीच वर टिकते, तेवढं ध्यानात ठेवा. चिपाड वाळलेलं असलं की धूर कमी. ओलसर घातलं की पांढरा भप्प धूर, मग सगळ्यांच्याच डोळ्यात पाणी.

प्रश्न विचारणारा : आमच्या काकांच्या गुऱ्हाळावर तसंच व्हायचं. तो पांढरा धूर धुक्यासारखा दिसत नाही का?

फोटो काढणारी : लांबून दिसतो, म्हणून तर रंग लिहायचा. पातळ धूर काळ्या झाडीपुढं निळसर दिसतो आणि उजळ आभाळापुढं तपकिरी. धुकं दोन्हीकडं पांढरं-करडंच असतं, आभाळाचा रंग घेतं. एकाच चित्रात हे दोन रंग वेगळे ठेवले की बघणाऱ्याला आपोआप कळतं.

नाटकवाला (हुक्केरी) : मग धुराचे लोट वाऱ्यावर डावीकडं झुकवा. मस्त दिसेल.

शाळामास्तर : नको. धुकं आहे म्हणजे वारा पडलाय. वारा सुटला की धुकं राहत नाही. धूर सरळ वर जाऊ द्या.

जांबोटीचा (खानापूर तालुका) : मास्तर, तुमचं निपाणीपुरतं बरोबर. आमच्याकडं पावसाळ्यात चोर्ला घाटाच्या अंगाला वारं सुटलेलं असतं आणि धुकंही असतं. ते धुकं म्हणजे डोंगरावर चढलेला ढगच, वाऱ्याबरोबर सरकतो. रस्त्यातून जाताना अंगावरून जातो. थंडीतलं, उसाच्या मळ्यातलं धुकं निराळं. निवांत, स्वच्छ रात्री जमीन गार झाली की सखल भागात बसतं आणि ऊन आलं की निवळतं. तुमच्या चित्रात दुसरं आहे, म्हणून तिथं मास्तरांचं ऐका. एक मात्र सांगतो, अशा पहाटे धूर सरळ वरसुद्धा फार जात नाही. वर थोडी गरम हवा असते, तिच्याखाली अडतो आणि आडवा पसरतो. गावावर निळी पट्टी दिसते ना, तीच.

प्रश्न विचारणारा : म्हणजे धूर छतासारखा आडवा आणि धुकं चादरीसारखं खाली. मधल्या मोकळ्या जागेत माणूस. हे तर मला सुचलंच नव्हतं.

जांबोटीचा : होय की. आणि विरळ धुक्याला आमच्याकडं ‘धुई’ म्हणतात.

खतवाला : आमची आजी दाट धुक्यालाच धुई म्हणायची. ‘धुई पडलीय, शाळंला उशिरा जा.’

शाळामास्तर : हवामानवाले मोजून सांगतात. एक किलोमीटरच्या आतलंच दिसलं तर ते धुकं, त्यापुढंही दिसत असलं तर विरळ धुकं. बोलीत तसं माप नाही. आजीही बरोबर, जांबोटीकरही बरोबर.

नाटकवाला : आमचे कन्नड शेजारी सगळ्यालाच ‘मंजु’ म्हणतात, धुकंही मंजु, बर्फही मंजु. सोपं पडतं.

प्रश्न विचारणारा : मित्राला आता हे पाठवतोय, बघा :

‘जाळ : गुळव्याच्या मागं डाव्या बाजूला, चुलवाणाच्या तोंडाशी, तांबूस उजेड फक्त मागच्या धुक्यावर आणि त्याच्या एका गालावर. धूर : धुराड्यातून सरळ वर निघून माथ्यावर आडवा पसरलेला, झाडीपुढं निळसर. दाट धुकं : गुळव्याच्या मागं, उसाचा फड त्यात हरवत गेलेला. विरळ धुकं : पुढं, गुडघ्याखाली, पायांची बोटं दिसतील एवढं. गुळव्याचा चेहरा आणि हातातला झारा यांच्यावर कुठलाच थर नाही.’

फोटो काढणारी : ‘तांबूस उजेड फक्त’ बरोबर आहे. पण झाऱ्यावर थोडी वाफ येऊ द्या, नाहीतर काहील रिकामी वाटेल. आणि ‘कुठलाच थर नाही’ म्हणालात तर तो माणूस कातरून चिकटवल्यासारखा दिसेल. खांद्याच्या कडेवर धुक्याची किंचित फिकट छटा हवीच.

प्रश्न विचारणारा : मग तिथं काय लिहू? ‘जरासं धूसर’?

शाळामास्तर : परत तेच! ‘मागच्या धुक्यानं खांद्याची कड फिकटलेली’ लिहा.

खतवाला : आणि झारा नका लिहू. आमच्याकडं ढवळायला हत्या असतो, मळी काढायला झारा. गुळव्या त्या वेळी काय करतोय ते आधी ठरवा.