मदत हवी आहे: घड्याळावर मोठा मेल अर्धवट दिसतो, तक्ता विस्कटतो, पीडीएफ गायब, आणि फोनवर घ्यावा तर सापडत नाही

शॉपफ्लोअर_ताई
मी भोसरीत एका वर्कशॉपमध्ये डिस्पॅच बघते. मशीनजवळ फोन हातात घेता येत नाही, तो टेबलाच्या खणात असतो. म्हणून मनगटावर ॲपल वॉच. फोन आयफोनच आहे.

परवा एका गिऱ्हाईकाचा लांबलचक मेल आला. वर इंग्रजीत एक ओळ होती: `This message contains elements Apple Watch can't display`. खाली नुसता मजकूर. मूळ मेलमध्ये तक्ता होता, तो घड्याळावर एकाखाली एक आकड्यांची रांग होऊन आला. मी वाचलं असं:

```
17
80
200
21
50
10
90
```

रकाने होते पार्ट नंबर, या आठवड्यात, थांबवा, पुढच्या आठवड्यात. मी समजले, १७ नंबरचे ८० पाठवायचे आणि २०० थांबवायचे. स्टोअरला तसं सांगूनही टाकलं. संध्याकाळी कॉम्प्युटरवर बघते तर १७ नंबरचा 'थांबवा' रकाना रिकामा! २०० पुढच्या आठवड्यात हवे होते. चूक माझीच, पण पोटात गोळा आला.

आता प्रश्न. तक्ता असा का होतो? जोडलेली ड्रॉइंगची पीडीएफ घड्याळावर का उघडत नाही? आणि अर्धा वाचलेला मेल तसाच फोनवर उघडायची सोय आहे म्हणतात, ती मला कधी मिळते, कधी नाही. आणखी एक गंमत म्हणजे काही मेल घड्याळावर पूर्ण येतात आणि काहींच्या दोन-चार ओळीच.

मिलिंद_ठाणे
सोपं आहे. फोनमधल्या `Watch` ॲपमध्ये `Mail` उघडा, `Custom` निवडा आणि `Load Remote Images` चालू करा. माझ्याकडे लोगो-बिगो दिसत नव्हते, ते दिसायला लागले. बाकी घड्याळाची मेमरी कमी, म्हणून फॉरमॅटिंग कापतात.

नाना_कुडाळ
ताई, माझंही असंच. मुलगी दुबईहून नातवाचे फोटो मेलला जोडून पाठवते, घड्याळावर दिसत नाहीत. कुठलं ॲप टाकू? माझं घड्याळ सॅमसंगचं आहे.

शॉपफ्लोअर_ताई
मिलिंद, केलं चालू. गिऱ्हाईकाचा लोगो आला, तक्ता तसाच. नाना, मला घड्याळात ॲप टाकायचंच नाहीये हो, मला मेल फोनवर न्यायचाय.

टपाल_खातं
बरीच वर्षं मेल सर्व्हर सांभाळलेत, म्हणून लिहितो.

मिलिंदनी सांगितलेलं सेटिंग खरं, पण ते इंटरनेटवरून ओढून आणायच्या चित्रांपुरतं आहे. मेलला जोडून आलेल्या फाइलशी किंवा तक्त्याशी त्याचा संबंध नाही. मेमरीचंही कारण नाही.

मेल म्हणजे एक पाकीट समजा. त्यात एकच निरोप बऱ्याचदा दोनदा असतो, एकदा साधा मजकूर म्हणून आणि एकदा सजवलेला, तक्ते-रंगांसकट. जोडलेली पीडीएफ हा तिसरा, वेगळाच कागद. सांगाडा साधारण असा:

```
multipart/mixed
  multipart/alternative
    text/plain
    text/html
  application/pdf
```

फोन सजवलेला भाग उचलतो. घड्याळालाही तो दाखवता येतो, २०१८ साली वॉचओएस ५ आल्यापासून. पण झेपणार नाही असं काही त्यात दिसलं की वर ती ओळ येते आणि खाली फक्त मजकूर. ऑफिसातले मेल तर एक्सेलमधून चिकटवलेल्या तक्त्यांनी भरलेले असतात, त्यामुळे तुमच्याकडे हे रोजचंच असणार.

साध्या मजकुरात रकाना नावाची वस्तूच नाही. रिकाम्या चौकोनात एक अक्षरही नसतं, म्हणून तो चौकोन मागमूस न ठेवता नाहीसा होतो आणि पुढचा आकडा त्याच्या जागी सरकतो. तुमच्या यादीत २१ नंबरखाली तीन आकडे आहेत, १७ खाली दोनच. खूण हीच. चार रकान्यांच्या तक्त्यात एखाद्या ओळीला चार आकडे भरले नाहीत, तर ती ओळ घड्याळावर वाचायचीच नाही.

खात्री करायची तर कॉम्प्युटरवर जीमेलमध्ये तो मेल उघडून तीन ठिपक्यांतून `Show original` बघा. `text/plain` खाली आकडे कसे लागलेत ते दिसेल.

शॉपफ्लोअर_ताई
बघितलं. अगदी तशीच रांग, ८० नंतर थेट २००. म्हणजे घड्याळानं काही खाल्लं नाही, पाकिटातच तसं होतं. गिऱ्हाईकाला विनंती केली की रिकाम्या जागी शून्य टाका. बघू ऐकतात का.

पीडीएफचं आता समजलं. पण फोनवर कसं न्यायचं?

टपाल_खातं
त्याला हँडऑफ म्हणतात. `Watch` ॲपमध्ये `General` खाली `Enable Handoff` चालू हवं, फोनच्या सेटिंग्जमध्येही `Handoff` चालू हवं, दोन्हीकडे ब्लूटूथ चालू आणि फोन जवळ. मग घड्याळावर मेल उघडा ठेवायचा, फोन अनलॉक करायचा आणि स्क्रीनच्या तळापासून बोट वर सरकवून मध्येच थांबायचं. उघडी ॲप्स दिसतात, त्यांच्या खाली मेलची पट्टी येते. तिच्यावर टॅप केलं की तोच मेल फोनवर, पीडीएफसकट. होम बटणाचा फोन असेल तर बटण दोनदा दाबायचं.

आता तुम्हाला ती पट्टी कधी मिळते, कधी नाही, याचं कारण तुम्हीच पहिल्या पोस्टमध्ये लिहून ठेवलंय. फोनवर मेल कुठल्या ॲपमध्ये वाचता?

शॉपफ्लोअर_ताई
जीमेलच्या ॲपमध्ये. पण ऑफिसचं खातं फोनच्या स्वतःच्या मेल ॲपमध्येही आयटीवाल्या मुलानं घालून दिलं होतं.

टपाल_खातं
मग झालं! तुमच्या मनगटावर एकाच मेलच्या दोन सूचना येतायत. दोन-चार ओळींची ती फोनवरच्या जीमेलची नुसती सावली. तिच्यामागे घड्याळावर ॲपच नाही, मग फोनकडे सोपवणार काय? पूर्ण मेल दिसतो तो घड्याळाच्या मेल ॲपमधला, आणि पट्टी त्याचीच येते.

`Watch` ॲपमध्ये `Notifications` उघडून खालच्या यादीत जीमेल बंद करा, म्हणजे गोंधळ मिटेल. फोनवर जीमेल चालूच राहील.

शॉपफ्लोअर_ताई
आज दिवसभर करून बघितलं. पाचपैकी चार वेळा पट्टी आली. पाचव्या वेळी खणापर्यंत चालत गेले तोवर घड्याळाची स्क्रीन झोपली होती, पट्टी नाही. मनगट उचलून मेल परत उघडला तेव्हा आली.

रेवती_बे_एरिया
मी हँडऑफच्या नादाला लागत नाही. घड्याळावर यादीत मेल डावीकडे सरकवायचा आणि फ्लॅग लावायचा. नंतर फोनवर फ्लॅगवाले मेल उघडायचे. फोन लांब असला तरी खूण राहते. मात्र फोनवरही मेल ॲपच वापरते मी. जीमेलमध्ये तो फ्लॅग तारा होऊन दिसतो.

मिलिंद_ठाणे
मेमरीचं मागे घेतो. पण माझ्याकडे एका बँकेच्या मेलमधला तक्ता घड्याळावर व्यवस्थित चौकटीसह दिसतो, ते कसं?

टपाल_खातं
तो मेल घड्याळाला झेपला, म्हणून सजवलेलाच दाखवला. नेमकं कशावर अडतं याचा नियम मला आजवर सापडलेला नाही. वरची इंग्रजी ओळ आहे की नाही, एवढंच मी बघतो.

नाना_कुडाळ
आणि सॅमसंगचं?

रेवती_बे_एरिया
नाना, वेगळा धागा काढा, घड्याळाचं मॉडेल लिहा. तोवर सूचनेत फोनवर उघडायचा पर्याय दिसतो का बघा. नातवाचे फोटो तेवढ्याशा काचेवर कशाला बघायचे?

नाना_कुडाळ
चष्मा लावून बघतो मी.