मदत हवी आहे: सेंट्रल डॉग्मावर ५ गुणांचं उत्तर किती लिहायचं?

मृण्मयी: पेपर ८० गुणांचा, वेळ तीन तास. ‘सेंट्रल डॉग्मा स्पष्ट करा’ हा प्रश्न ५ गुणांना आला तर काय ठेवू आणि काय सोडू? माझ्या नोट्स सात पानांच्या आहेत.

निखिल: बाण दाखवणारी आकृती काढ आणि तिन्ही पायऱ्यांवर दोन-दोन ओळी लिही. शेवटी १९७० साली रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज सापडलं आणि डॉग्मा खोटा ठरला, हे टाक.

वर्षाताई: निखिल, आकृतीचं बरोबर, शेवटची ओळ मात्र नको. क्रिकने १९५८ च्या लेखात मांडलेला मुद्दा असा, की क्रमाची माहिती एकदा प्रोटीनमध्ये गेली की तिथून परत बाहेर येत नाही. आरएनएवरून डीएनए बनल्याने त्याला धक्का लागत नाही. १९७० मध्ये त्याने हेच पुन्हा स्पष्ट केलं.

मृण्मयी, वेळेच्या हिशेबाने तुला साधारण अकरा मिनिटं मिळतात, म्हणजे सव्वा ते दीड पान. मी पेपर तपासते तेव्हा क्रिकचं विधान आणि आकृती यांना मिळून २ गुण देते, तीन पायऱ्यांना २ आणि अपवादाला १. आकृतीत डीएनएकडून डीएनएकडे वळणारा बाण बरेच जण विसरतात. पायऱ्यांमध्ये साचा कोणता, एन्झाइम किंवा यंत्रणा कोणती आणि तयार काय होतं, एवढंच लिही. मग एक छोटं उदाहरण दे:

```
डीएनए साचा  3'-TAC AAA GGC-5'
एमआरएनए    5'-AUG UUU CCG-3'
प्रोटीन      Met - Phe - Pro
```

या तीन ओळींतून दिशा, जोड्या आणि कोडॉन तुला समजले आहेत हे दिसतं. 3' आणि 5' लिहायला विसरलीस तर मात्र साचा कोणता आणि वाचन कुठून, हेच कळत नाही. अपवाद म्हणून रेट्रोव्हायरसचं एक वाक्य पुरे.

सुमेध: ताई, माझी रेप्लिकेशन फोर्कची आकृती पाठ आहे, ऑकाझाकी तुकड्यांसकट. ती काढली तर चालेल ना?

वर्षाताई: सुमेध, ती रेप्लिकेशनच्या प्रश्नाला काढ. इथे तिच्यात पाच मिनिटं जातील आणि ट्रान्सलेशन अर्धवट राहील.

मृण्मयी: खूप आभार, ताई. प्रायॉनचा उल्लेख करू का? त्यात प्रोटीनच दुसऱ्या प्रोटीनला बदलतं ना?

वर्षाताई: तिथे बदलतो तो प्रोटीनचा आकार, अमिनो आम्लांचा क्रम तोच राहतो. म्हणून मी तो अपवाद धरत नाही. आमच्याकडचे काही सहकारी मात्र धरतात आणि त्याला गुणही देतात. लिहायचंच असेल तर ‘क्रम बदलत नाही’ हे त्याच वाक्यात लिही.

निखिल: मग १० गुणांना आला तर? प्रत्येक पायरी दुप्पट करायची, की जेनेटिक कोडचा वेगळा भाग घालायचा?