प्रतिसाद: /21 चं गणित

> "172.16.37.200/21 चा ब्रॉडकास्ट 172.16.37.255 का नाही?"

कारण /21 चा मास्क 255.255.248.0 आहे, म्हणजे सबनेटची हद्द तिसऱ्या ऑक्टेटमध्ये पडते. चौथ्याकडे आधी बघूच नका. २५६ मधून २४८ वजा केले की ८ उरतात, म्हणून तिसरा ऑक्टेट ०, ८, १६, २४, ३२, ४० असा आठ-आठने पुढे सरकतो. ३७ हा ३२ आणि ४० च्या मधला. म्हणून नेटवर्क 172.16.32.0, पुढचं नेटवर्क 172.16.40.0 आणि त्याच्या एक आधीचा पत्ता हा ब्रॉडकास्ट:

```
172.16.39.255
```

होस्टना 172.16.32.1 ते 172.16.39.254 मिळतात. प्रश्नातला 172.16.37.255 हा याच पट्ट्यातला साधा होस्ट पत्ता आहे, लॅपटॉपला बिनधास्त द्या. शेवटी २५५ दिसला की ब्रॉडकास्टच, ही समज /24 च्या सवयीतून येते आणि बहुपर्यायी प्रश्नांत असे पर्याय नेमके त्यासाठीच ठेवलेले असतात.