जोर लावताना दारच बंद होत असेल तर?

>> इसबगोल, लॅक्टुलोज सगळं झालं, कोलोनोस्कोपी पण नॉर्मल, तरी अर्धा अर्धा तास कुंथत बसावं लागतं

कोलोनोस्कोपीत आतडं आतून कसं दिसतं ते कळतं, स्नायू कसे चालतात ते नाही. माझं नेमकं तेच होतं. जोर लावला की गुदद्वाराचे स्नायू सैल पडायला हवेत, माझे उलट आवळायचे, आणि मला पत्ताच नाही! शेवटी एका डॉक्टरांनी बोटाने तपासताना "आता जोर करा" म्हटलं तेव्हा लक्षात आलं. मग मॅनोमेट्री, म्हणजे गुदद्वाराच्या स्नायूंचा दाब मोजायची तपासणी, आणि ५० मिली पाणी भरलेला छोटा फुगा बाहेर टाकायची टेस्ट, साधारण मिनिटभरात पडायला हवा, माझा पडलाच नाही.

उपचार म्हणून बायोफीडबॅक सुरू केलं. त्यात गुदद्वारात बारीक सेन्सर ठेवतात आणि समोर स्क्रीनवर दाबाची रेष दिसते. जोर केला की माझी रेष वर उडायची, ती खाली आणायची हाच अभ्यास: पोट फुगवून श्वास, जोर पोटातून, खालचं सगळं ढिलं. तिसऱ्या सेशनला पहिल्यांदा रेष खाली गेली. सहा सेशन झाली, घरी रोज सराव वेगळा. इसबगोल अजून घेतो, पण त्याने आवळलेला स्नायू सुटत नाही हो.