मदत हवी आहे: एचआरला रजेचा कायदा सांगायचाय, पण भांडण नको

मालवणी_मुलगी
जरा लवकर सांगा, उद्या सकाळी मेल टाकायचाय. गणपती तीन आठवड्यांवर आलेत. कणकवलीला जायला सहा दिवस मागितले, तर एचआर मॅडम म्हणाल्या, "वर्षाच्या 12 रजा, तुझ्या 9 झाल्या. तीन घे, बाकीचे एलडब्ल्यूपी." कायद्याने जास्त मिळतात असं ऐकलंय. किती? आणि कसं लिहू? मॅडमशी माझं चांगलं आहे, ते बिघडवायचं नाही.

घोडबंदरकर
ऑफिस की कारखाना? माणसं किती? हुद्दा काय? कधी लागलीस?

रबाळे_शिफ्ट_बी
कारखाना असो की ऑफिस, 240 दिवस भरले की 20 दिवसांमागे एक रजा. सीएल कायद्यात नाहीच, ती मालकाची मर्जी. 19 वर्षं प्लांटमध्ये काढली आहेत, मला माहीत आहे.

मालवणी_मुलगी
महापेला ऑफिस आहे, फ्रेट फॉरवर्डिंगचं. 34 जण. मी डॉक्युमेंटेशन एक्झिक्युटिव्ह. गेल्या वर्षी फेब्रुवारीत लागले. याने काय फरक पडतो?

घोडबंदरकर
सगळा फरक यानेच पडतो. रबाळेभाऊ सांगतायत तो 1948 चा कारखान्यांचा कायदा, तो नोव्हेंबर 2025 मध्ये रद्द झाला आणि नव्या संहितेत त्यातली 240 ची अट 180 दिवसांवर आली. त्यात सीएल नव्हती हे खरं. पण ऑफिसला 2017 चा महाराष्ट्राचा शॉप अ‍ॅक्ट लागतो. त्याच्या कलम 18 मध्ये 8 सीएल आहेत, तिमाहीला दोन जमा होतात आणि वर्षअखेर बुडतात. पीएल वेगळी, तिला या कायद्यात 240 दिवसांची अट आहे, इथेही 20 दिवसांमागे एक मिळते, ती 45 पर्यंत साठते. सणाच्या आठ भरपगारी सुट्ट्या आणखी वेगळ्या.

गेल्या वर्षी प्रत्यक्ष किती दिवस भरलेस? आणि हाताखाली कोणी आहे का? सुपरवायझर, मॅनेजर यांना हा कायदा लागत नाही.

मालवणी_मुलगी
हाताखाली कोणी नाही, मीच सगळ्यांच्या हाताखाली. हजेरीत 266 दिवस दिसतायत.

ऐरोली_अण्णा
शॉप अ‍ॅक्ट लागायची 10 माणसांची अट आता 20 वर गेली आहे, 2025 मध्ये. हे कोणी सांगत नाही.

घोडबंदरकर
34 आहेत अण्णा, दोन्हीकडून बसतंय.

266 भागिले 20, म्हणजे 13 पीएल. यंदाच्या सीएल दोन तिमाहींच्या धरल्या तरी 4. झाल्या 17. त्यातून 9 वजा कर, 8 उरतात. तुला सहाच हव्यात. फक्त एक बघ, गेल्या वर्षी किती रजा घेतल्या होत्यास?

मालवणी_मुलगी
12 च्या 12. 😬

घोडबंदरकर
मग त्यातल्या 8 सीएल गेल्या. वरच्या 4 ऑफिस या 13 मधून कापू शकेल का, यावर मी छातीठोक सांगणार नाही. कापल्या तर तुला चारच उरतात. म्हणून मेलमध्ये आकडा ठोकू नकोस, हिशोब माग.

कळवा_नाका
मेलबिल सोडा, थेट ठाण्याच्या कामगार उपायुक्तांकडे अर्ज द्या. माझ्या भावाला असंच छळलं होतं. पंधरा दिवसांत सरळ आले.

विटाव्याची_वहिनी
आणि भाऊ आता कुठे आहे नोकरीला?

कळवा_नाका
त्याने स्वतःच सोडली. तो वेगळा विषय आहे.

कोपरखैरणे_2बीएचके
ईएसआयसी कापतात का? आजारपणाचे 91 दिवस मिळतात, 70 टक्के पगाराने. डॉक्टरचा कागद आणा, काम झालं.

मालवणी_मुलगी
दादा, मी आजारी नाहीये. गणपती आहेत.

विटाव्याची_वहिनी
मी दहा वर्षं एचआरमध्ये होते, म्हणून सांगते. बऱ्याचदा हे 12 जुन्या अपॉइंटमेंट लेटरमधून चालत आलेले असतात, मॅडमनी ठरवलेले नसतात. त्यामुळे "कायद्याने मला" अशी सुरुवात केलीस की त्या मेल तसाच डायरेक्टरना पाठवणार. आधी रजेचा अर्ज, मग शंका. आणि साहेबांना सीसी करायचं नाही. असं लिही, ऑफिसात इंग्रजी चालत असेल तर इंग्रजीत:

"मॅडम, गणपतीसाठी सहा दिवसांच्या रजेचा अर्ज सोबत जोडला आहे. माझं काम कोण बघेल ते ठरवून कळवते. माझ्या सीएल आणि पीएल शिल्लक किती आहेत, ते वेगवेगळं सांगाल का? शॉप अ‍ॅक्टच्या कलम 18 मध्ये दोन्ही स्वतंत्र दिसल्या, म्हणून विचारते. माझ्या वाचण्यात चूक असेल तर सांगा."

शेवटचं वाक्य काढू नकोस. त्याने मॅडमना फाईल उघडून बघायला वाव मिळतो.

घोडबंदरकर
बरोबर. आणि उद्याच टाक. 15 दिवस आधी लेखी मागितलेली पीएल नाकारली, तर 45 च्या वरच्या रजेचे पैसे मागता येतात. तुझ्या इतक्या साठल्या नाहीत, पण तारखेचा कागद हाताशी असू दे.

रबाळे_शिफ्ट_बी
ठीक, ऑफिसचं मला माहीत नव्हतं. पण प्लांटमध्ये सीएल नाही म्हणजे नाही.

ऐरोली_अण्णा
चतुर्थी त्या आठ सणांत धरली आहे का तेही विचार. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर ठरलेले, उरलेले चार ऑफिसने कामगारांशी बोलून ठरवायचे असतात. चतुर्थी त्यात असेल तर पाचच रजा लागतील.

मालवणी_मुलगी
यादी पाहिली, चतुर्थी आहे! म्हणजे पाच. वहिनींचा मेल पाच करून पाठवते. त्या 4 चं काय होतं ते उत्तर आलं की टाकते.

कोपरखैरणे_2बीएचके
कणकवलीचं तिकीट कन्फर्म आहे का पण?