शब्दचर्चा: ‘सिंधुदुर्ग फोर्ट’, ‘स्टेशन रोड’, ‘कोकम ज्यूस’ – कोणती नावं मराठीत आणायची?

दर्यावर्दी: मालवणला येणाऱ्या पर्यटकांसाठी चार पानी इंग्रजी माहितीपत्रक आहे, ते मराठीत करायचंय. सिंधुदुर्ग फोर्ट, स्टेशन रोड, दोन बँकांची एटीएम, एस.टी.चं इंग्रजी लांबलचक नाव, तारकर्ली बीच. कुठे भाषांतर करायचं, कुठे नाव तसंच ठेवायचं?

पाटीपूजक: सोपं आहे. विशेषनामाचं भाषांतर करायचंच नाही. सगळं देवनागरीत उतरवून काढा.

शेवंती: दादा, तेवढ्यानं भागत नाही. आधी बघायचं, की ज्याचं नाव आहे त्यानं स्वतःच मराठी नाव घेतलंय का. स्टेट बँक ऑफ इंडिया देवनागरीत ‘भारतीय स्टेट बँक’ असं लिहिते. बँक ऑफ इंडिया मात्र देवनागरीतही ‘बँक ऑफ इंडिया’च राहते. इंग्रजी शब्द जवळपास तेच, पण निवड ज्याची त्याची, म्हणून आपण ‘भारत बँक’ घडवायची नाही. एस.टी.चंही तसंच. ‘रोड ट्रान्स्पोर्ट’ दिसलं की हात ‘रस्ते वाहतूक’ लिहितो, पण अधिकृत नाव ‘महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ’ आहे. ते तक्रारीच्या पत्त्यात पूर्ण द्या. बाकी सगळीकडे ‘एस.टी. स्टँड’, कारण प्रवासी तेच विचारणार.

पाटीपूजक: मग ‘सिंधुदुर्ग फोर्ट’? ‘दुर्ग’ म्हणजेच किल्ला. ‘सिंधुदुर्ग किल्ला’ ही द्विरुक्ती झाली. नुसतं ‘सिंधुदुर्ग’ पुरे.

शेवंती: व्याकरणानं बरोबर, पण पर्यटक चुकेल. सिंधुदुर्ग नावाचा जिल्हा आहे, १९८१ पासून. कोकण रेल्वेवर ओरोसजवळ सिंधुदुर्ग नावाचं स्टेशन आहे. चिपीच्या विमानतळाचं नावही सिंधुदुर्ग. आणि किल्ला मालवणसमोर समुद्रात! माहितीपत्रकात ‘सिंधुदुर्गला उतरा’ असं छापलं, तर माणूस किल्ल्याच्या आशेनं ओरोसजवळ उतरेल. म्हणून इथे ‘किल्ला’ हवाच. हर्णैच्या सुवर्णदुर्गाला ही अडचण नाही, तिथे शेपूट गाळलं तरी चालेल. इंग्रजीत त्याच्यापुढे ‘गोल्डन फोर्ट्रेस’ असा खुलासा असला तर तोही गाळा. मराठी वाचकाला ‘सुवर्ण’ कळतं.

खाडीकाठ: आणि स्टेशन रोड? ‘स्थानक मार्ग’ करू नका हां. रिक्षावाल्याक ‘स्थानक मार्ग’ सांगलास तर तो खंय नेतलो?

शेवंती: अगदी. यासाठी शेपूट काढून बघायचं. ‘सिंधुदुर्ग फोर्ट’मधलं ‘फोर्ट’ काढलं तरी किल्ल्याचं नाव उरतं, म्हणून ‘फोर्ट’चा ‘किल्ला’ होऊ शकतो. ‘स्टेशन रोड’मधलं ‘रोड’ काढलं तर नुसतं स्टेशन उरतं, रस्ता हरवतो. म्हणजे ‘रोड’ हा नावाचाच भाग, तो हलवायचा नाही. माणसाच्या नावाच्या रस्त्याला ही कसोटी फसते, कारण शेपूट काढल्यावर माणूसच उरतो. तिथे नगरपरिषदेच्या पाटीवर ‘मार्ग’ असेल तर मार्ग, ‘रोड’ असेल तर रोड.

आगळवाली: माझा प्रश्न लेबलचा आहे. ब्रँडच्या नावात ‘अल्फान्सो’ आहे आणि घटकांतही. दोन्हीकडे हापूस करू का? दुसऱ्या बाटलीवर इंग्रजीत ‘कोकम ज्यूस’ आहे, त्याचं ‘कोकम रस’ केलंय.

दर्यावर्दी: ताई, इथे माहितीपत्रकाचं चाललंय...

शेवंती: असू दे, प्रश्न त्याच जातीचा आहे. ब्रँडच्या ओळीत ‘अल्फान्सो’ तसंच ठेवा, ते तुमचं नाव. घटकांच्या ओळीत ते फळ आहे, तिथे ‘हापूस आंबा’. ‘कोकम रस’ मात्र बदला. बाटलीत रातांब्याचा मीठ घातलेला घट्ट रस असेल तर तो आगळ, आणि साखरेतला असेल तर कोकम सरबत. ‘रस’ वाचून कुणी आगळात नुसतं पाणी घालून पाहुण्याला दिलं, तर पहिल्या घोटाला तोंड खारट!

पाटीपूजक: एक माझ्याकडूनही. नाव तसंच ठेवलं तरी मराठी प्रत्यय त्याला वाकवतो. समजा, होमस्टेचं नाव ‘दर्यावाडा’ आहे. ‘दर्यावाड्यात खोली मिळेल’ असं लिहिलं तर परका माणूस नकाशावर ‘दर्यावाड्या’ शोधत बसेल.

शेवंती: हे पटलं. मागे सामान्यनाम जोडा आणि प्रत्यय त्याला लावा: ‘दर्यावाडा’ या होमस्टेमध्ये. निदान पहिल्या उल्लेखात आणि पत्त्यात तरी मूळ रूप अखंड दिसलं पाहिजे.

खाडीकाठ: तारकर्लीचं काय ठरलं? ‘बीच’ काढलं तरी तारकर्ली उरतं, म्हणजे तुमच्या कसोटीनं ‘तारकर्ली किनारा’. पण मुंबईहून येणारा ‘तारकर्ली बीच’च विचारतो.

शेवंती: गावातला माणूस ‘वेळेवर’ म्हणतो, तो वेळ म्हणजे किनारा, हे बाहेरच्याला कळणार नाही. मी मजकुरात ‘किनारा’ लिहीन.

दर्यावर्दी: आणि नकाशावर?

खाडीकाठ: नकाशावर बीच. फोन बघत येणाऱ्याला तेच दिसतं.

शेवंती: एका पत्रकात दोन नावं? मला नाही पटत.