मदत हवी आहे : अलाइनमेंट करूनही गाडी डावीकडे ओढते, पुढचे टायर आतून झिजले

फोंडा_वाहनधारक
नमस्कार. माझी गाडी सरळ रस्त्यावर डावीकडे ओढत आहे आणि पुढचे टायर आतल्या बाजूने झिजले आहेत. अलाइनमेंट दोन वेगवेगळ्या ठिकाणी करून घेतले. दोन्हीकडे यंत्रावर हिरवे आकडे दाखवून "आता सर्व ठीक आहे" असे सांगण्यात आले. पण ओढणे तसेच आहे. पुढच्या आठवड्यात कुटुंबासह चोर्ला घाटमार्गे बेळगावला जायचे आहे. नेमके काय करावे, ते कृपया लवकर सांगावे.

म्हापसेकर
दोन्ही ठिकाणी टो, म्हणजे वरून पाहता चाकांची पुढची टोके आत-बाहेर वळण्याचा कोन, नीट बसवला गेलेला नाही. टो बिघडला की टायर आतून झिजतो आणि गाडी एका बाजूला ओढते. चांगल्या यंत्रावर पुन्हा टो करून घ्या, प्रश्न सुटेल.

सांगे_प्रवासी
माझ्याही गाडीला ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंगमध्ये थरथर येत असे. चाकांचे बॅलन्सिंग करून घेतले आणि रिमवरची जुनी वजने काढून नवी लावली, तेव्हा ती थांबली. आपणही आधी बॅलन्सिंग करून पाहावे.

फोंडा_वाहनधारक
@सांगे_प्रवासी, माझ्या गाडीत थरथर अजिबात नाही. ओढण्याविषयी कोणी सांगू शकेल का?

चाकसंधान
मी बरीच वर्षे अलाइनमेंटच्या यंत्रावर काम केले आहे. उत्तर देण्याआधी काही गोष्टी कळणे आवश्यक आहे. गाडी कोणत्या प्रकारची आहे? दोन्ही पुढचे टायर सारखेच झिजले आहेत की एक अधिक? छापील कागदावर टोखेरीज कॅम्बर, म्हणजे समोरून पाहता चाकाचा कल, आणि कॅस्टर, म्हणजे बाजूने पाहता स्टिअरिंगच्या अक्षाचा कल, यांचे आकडे आहेत का, आणि दुरुस्तीपूर्वीचे आकडे दिले आहेत का? गाडी ओढू लागण्याच्या सुमारास खालच्या बाजूला कोणते काम झाले होते का, किंवा चाक मोठ्या खड्ड्यात आदळले होते का?

त्याचबरोबर हाताने करण्याजोगी एक तपासणी करावी. गाडी उभी असताना पुढच्या टायरच्या नक्षीवरून तळवा बाहेरून आत फिरवा, मग आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखे लागते का, आणि कोणत्या दिशेने लागते, ते लिहा. तारेची टोके बाहेर आली असतील, तर बोट कापू शकते. म्हणून आधी डोळ्यांनी पाहा.

फोंडा_वाहनधारक
पेट्रोल हॅचबॅक आहे, पुढच्या चाकांवर चालणारी. दोन्ही टायर आतून झिजले आहेत, पण उजवा अधिक. तळवा बाहेरून आत नेताना करवतीसारखे लागते, आतून बाहेर नेताना गुळगुळीत लागते. मागचे टायर व्यवस्थित आहेत. कागदावर कोन अंशाच्या मिनिटांत दिले आहेत: कॅम्बर डावीकडे उणे ५ मिनिटे आणि उजवीकडे उणे ५५ मिनिटे आहे. एकूण टो दुरुस्तीपूर्वी उणे २४ मिनिटे होता, आता अधिक ४ मिनिटे आहे. कॅस्टरचा रकाना रिकामा आहे. कॅम्बरविषयी विचारले, तेव्हा या गाडीत तो बदलता येत नाही, असे उत्तर मिळाले. पावसाळ्यापूर्वी क्लच प्लेट बदलली होती. अपघात झालेला नाही.

चाकसंधान
आता चित्र पुष्कळ स्पष्ट झाले. आपल्या गाडीत दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि ते एकच समजल्यामुळे गोंधळ होत आहे.

पहिला प्रश्न झिजण्याचा. टो उणे २४ मिनिटे, म्हणजे दोन्ही चाकांची पुढची टोके बाहेरच्या दिशेला फाकलेली होती. प्रत्येक चाक सुमारे १२ मिनिटे. चौदा इंची रिमवर मोजले, तर हा एकूण फरक जेमतेम अडीच मिलिमीटर भरतो आणि डोळ्यांना दिसत नाही. परंतु असे चाक प्रत्येक किलोमीटरमागे साडेतीन मीटर आडवे घासत जाते. त्या घासण्यानेच नक्षीच्या पट्ट्यांची आतली कड गोल होते आणि बाहेरची कड धारदार राहते. म्हणून आपला तळवा बाहेरून आत नेताना अडतो. चाके आत वळलेली असती, तर उलट दिशेने अडला असता. करवतीसारखी झीज ही टोची खूण आहे. केवळ कॅम्बरने झिजलेला टायर एका खांद्यावर उतरत जातो, पण हाताला गुळगुळीतच लागतो. उणे ५५ मिनिटांचा कॅम्बर एकटा इतक्या लवकर टायर खाणार नाही. मात्र त्याने उजव्या टायरचा भार आतल्या खांद्यावर गेला आणि टोचे घासणे तिथे अधिक झाले. टो आता ठीक आहे, त्यामुळे नवी झीज मंदावेल.

दुसरा प्रश्न ओढण्याचा, आणि तो टोने सुटणार नव्हता. पुढचा टो कसाही असला, तरी गाडी चालू लागताच दोन्ही चाके आपसात तो सारखा वाटून घेतात. कॅम्बरचे तसे होत नाही. कललेले चाक ज्या बाजूला कलते, त्या बाजूला लोटते, आणि दोन्ही बाजूंचे लोटणे सारखे असेल तेव्हाच ते एकमेकांना रद्द करते. आपल्या गाडीत डावे चाक जवळजवळ उभे आहे, उजवे वरून आत कलले आहे आणि फरक ५० मिनिटांचा आहे. अर्ध्या अंशापुढे फरक गेला, की ओढणे जाणवू लागते. गाडी कमी उणे असलेल्या बाजूला, म्हणजे डावीकडे जाते.

म्हापसेकर
टोने गाडी ओढत नाही, हे मला मान्य नाही. माझ्या गाडीत स्टिअरिंग वाकडे धरले तरच गाडी सरळ जात असे आणि टो केल्यावर ते बरे झाले.

चाकसंधान
आपला अनुभव खरा आहे. पण ते मागच्या चाकांचा टो असमान असल्यामुळे किंवा टाय रॉड असमान फिरवल्यामुळे झाले असेल. तेव्हा स्टिअरिंग वाकडे राहते, पण हात सोडल्यास गाडी सहसा सरळच जाते. मूळ प्रश्नकर्त्यांचे स्टिअरिंग सरळ आहे का?

फोंडा_वाहनधारक
सरळ आहे. हात सैल केला की गाडी डावीकडे जाते. पुढचे दोन्ही टायर आपसात बदलून पाहिले, तरी डावीकडेच जाते.

चाकसंधान
उत्तम केलेत. टायरच्या बांधणीतला दोष असता, तर ओढण्याची दिशा बदलली असती किंवा ओढणे थांबले असते. आणखी एक गोष्ट तपासा. आपल्याकडे रस्ते पाणी वाहून जाण्यासाठी मध्यभागी उंच ठेवलेले असतात आणि आपण डाव्या बाजूने चालतो, त्यामुळे निर्दोष गाडीही किंचित डावीकडे सरकते. वेर्णा पठारासारख्या मोकळ्या, सपाट भागात, वारा नसताना आणि रहदारी नसताना पाहा.

कुडचडे_पिकअप
माझाही प्रश्न येथेच विचारतो. माझ्या पिकअपला पुढे सलग एक्सल आणि पाटे आहेत. मागे एक पान वाढवल्यापासून वळणावर स्टिअरिंग आपोआप परत येत नाही. टो बरोबर आहे.

चाकसंधान
@कुडचडे_पिकअप, मागचा भाग उचलला गेल्याने गाडीचे नाक खाली आले आणि कॅस्टर कमी झाला, असा अंदाज आहे. स्टिअरिंगला सरळ आणणारा मुख्य कोन तोच. एक्सल आणि पाट्यामध्ये पाचर घालून तो वाढवता येतो. परंतु आधी किंग पिनला ग्रीस भरून पाहा, कारण कोरडी पिनही हेच लक्षण दाखवते. सविस्तर चर्चेसाठी वेगळा धागा काढावा.

साखळी_गॅरेज
मूळ प्रश्नाकडे वळू या. कॅम्बर बोल्ट मिळतो. शॉकअप जिथे चाक धरणाऱ्या नकलला जोडला आहे, तिथला एक बोल्ट काढून हा बसवला, की उजवा कॅम्बर सहज सरळ करता येतो. काम तासाभरात होते.

चाकसंधान
तो बोल्ट आकडा सुधारेल, कारण सुधारणार नाही. अपघात न होता कॅम्बर एका बाजूला वाढला आणि दुसऱ्या बाजूला घटला, हे क्लचच्या कामानंतर घडले आहे. अशा अनेक गाड्यांत गिअरबॉक्स उतरवण्यासाठी सबफ्रेम, म्हणजे बॉडीखाली बोल्टांनी जोडलेली पुढची चौकट, सोडावी लागते. बोल्टांच्या छिद्रांत थोडी मोकळीक असते. सबफ्रेम परत चढवताना उजवीकडे सरकली, तर चाकांचा तळ धरणारे दोन्ही लोअर आर्म तिच्यासोबत उजवीकडे जातात. उजव्या चाकाचा तळ बाहेर येतो, डाव्याचा आत जातो. दोन्ही कॅम्बरची सरासरी उणे ३० मिनिटे येते, म्हणजे प्रत्येक बाजू २५ मिनिटांनी हलली आहे. बॉल जॉइंटपासून शॉकअपच्या वरच्या टोकापर्यंत सुमारे ६०० मिलिमीटर धरले, तर सबफ्रेम चार-साडेचार मिलिमीटर सरकली असावी.

हे सिद्ध करण्याचा मार्ग आहे. ब्रेक दाबून ठेवून आणि चाके फिरत्या तबकड्यांवर घेऊन स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवायला सांगा. पुष्कळ ठिकाणी वेळ वाचवण्यासाठी ही पायरी गाळतात, म्हणून आपला कॅस्टरचा रकाना रिकामा आहे. त्याच फेरीत स्टिअरिंगच्या अक्षाचा आतला कल, ज्याला यंत्र एस.ए.आय. म्हणते, तोही मिळतो. सबफ्रेम सरकली असेल, तर उजवीकडे तो डावीकडच्यापेक्षा जितका जास्त, तितकाच उजवा कॅम्बर अधिक उणे असेल, आणि दोन्ही आकड्यांची बेरीज दोन्ही बाजूंना सारखी येईल. बेरीज असमान आली, तर शॉकअप किंवा नकल वाकलेले आहे.

साखळी_गॅरेज
तत्त्वतः मान्य आहे. पण समुद्राच्या हवेत सबफ्रेमचे बोल्ट गंजलेले असतात आणि सोडताना तुटतात. ग्राहकाला तो खर्च सांगणे कठीण जाते. म्हणून मी बोल्टचा पर्याय सुचवला.

चाकसंधान
क्लचच्या वेळी ते बोल्ट एकदा सुटलेले आहेत, त्यामुळे येथे ती भीती कमी आहे.

फोंडा_वाहनधारक
आज तपासणी झाली. एस.ए.आय. डावीकडे १२ अंश ५ मिनिटे आणि उजवीकडे १२ अंश ५५ मिनिटे आहे. कॅस्टर डावीकडे ३ अंश ५ मिनिटे आणि उजवीकडे ३ अंश १५ मिनिटे आहे. एस.ए.आय. आणि कॅम्बरची बेरीज दोन्हीकडे १२ अंश येते.

चाकसंधान
मग शंका उरली नाही. कॅस्टरमधला १० मिनिटांचा फरक दुर्लक्ष करण्याजोगा आहे. क्लचचे काम जिथे झाले, तिथेच सबफ्रेमचे बोल्ट सैल करून ती पहारीने डावीकडे सरकवून घ्या. काही गाड्यांत सबफ्रेम आणि बॉडी यांना जुळणी छिद्रे असतात. त्यांत निमुळता गज घालून जागा निश्चित करतात. बोल्ट उत्पादकाच्या पुस्तिकेतील टॉर्कनुसारच कसावेत. नंतर टो पुन्हा करणे अनिवार्य आहे, कारण तो निश्चित बदलेल. हा क्रम उलटा करू नका.

फोंडा_वाहनधारक
काम झाले. कॅम्बर आता डावीकडे उणे २५ आणि उजवीकडे उणे ३५ मिनिटे आहे, एकूण टो अधिक ५ मिनिटे. सपाट रस्त्यावर गाडी सरळ जाते. परंतु पुढून घोंघावणारा आवाज येतो. बेळगावला हेच टायर नेऊ का?

म्हापसेकर
आवाज बेअरिंगचा असेल, ते बदला.

चाकसंधान
नक्षी करवतीसारखी झाली असेल, तर असा आवाज येतोच. हे टायर मागे टाकून पाहा; आवाज मागे गेला, तर बेअरिंग निर्दोष आहे. मात्र पावसात घाट उतरायचा असेल, तर आतल्या काठावरची खोली मोजल्याशिवाय ते मागेही ठेवू नका. नक्षीच्या तळाशी असलेल्या झीजदर्शक उंचवट्याला पृष्ठभाग टेकला असेल, तर टायर बदलावाच लागेल.

साखळी_गॅरेज
झिजलेले टायर मागे ठेवण्यास माझा विरोध आहे. ओल्या वळणावर मागची बाजू सुटली, तर सामान्य चालकाला ती सावरता येत नाही. आवाजाची चाचणी गावातल्या गावात करा आणि प्रवासाला निघताना चांगले टायर मागे असू द्या.

फोंडा_वाहनधारक
उजव्या टायरची आतली कड उंचवट्याला टेकली आहे, डाव्याची थोडी वर आहे. उद्या फोंड्यात पुढच्या दोन्ही टायरांची किंमत विचारतो.